आकृती गायब आणि हातात फक्त ClF₃: सूत्रावरून ठिपका संरचना आणि आकार कसा काढायचा

मागे एकदा अकरावीच्या मुलांना सरावासाठी प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून वाटली. मूळ फाइलमध्ये रेणूंच्या आकृत्या होत्या, छापताना त्या कुठेतरी गळल्या. प्रश्न होता, ‘आकृतीतील रेणूचा आकार सांगा’. त्याखाली रिकामी चौकट आणि चौकटीच्या कोपऱ्यात एवढंच: ClF₃. अर्ध्या मुलांनी प्रश्न सोडून दिला. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी लिहिलं, ‘समतल त्रिकोणी’.

कारण विचारलं तर एकीने सरळ सांगितलं, “सर, मध्ये एक क्लोरीन, भोवती तीन फ्लोरीन. तीन म्हणजे त्रिकोणच की.” तिचं काही अगदीच चुकलं नव्हतं. BF₃ ला हेच उत्तर बरोबर आहे. पण NF₃ ला ते चुकतं आणि ClF₃ ला तर फारच चुकतं. तिन्ही सूत्रं दिसायला जुळ्या भावंडांसारखी, एक अणू आणि तीन फ्लोरीन. प्रत्यक्षात BF₃ टेबलावर ठेवलेल्या कागदासारखा सपाट आहे, NF₃ तिपाईसारखा आणि ClF₃ चक्क इंग्रजी T सारखा.

फरक पडतो तो सूत्रात न लिहिलेल्या गोष्टीमुळे. बंधात न अडकलेल्या, मधल्या अणूवर नुसत्याच बसून राहिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सूत्रात दिसत नाहीत. आपण सगळे त्यांना लोन पेअर म्हणतो, मीही तेच म्हणणार आहे. आकृती नसेल तर आधी या लपलेल्या जोड्या शोधून काढायच्या. बाकी आकार त्यांच्या मागोमाग येतो.

पहिलं काम: इलेक्ट्रॉनांची मोजदाद

मोजायचे फक्त सगळ्यात बाहेरच्या कवचातले, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. बोरॉनचे ३, नायट्रोजनचे ५, क्लोरीनचे ७, फ्लोरीनचे ७. अणुक्रमांक १७ म्हणून क्लोरीनचे १७ धरणारा एक जण दरवर्षी भेटतो. आतली दोन कवचं भरलेली आहेत, त्यांना इथे काही काम नाही.

तीन फ्लोरीनचे मिळून २१. म्हणजे BF₃ चे २४, NF₃ चे २६ आणि ClF₃ चे २८. रेणू नसून आयन असेल तर ऋण प्रभारामागे एकेक इलेक्ट्रॉन वाढवायचा, धन प्रभारामागे एकेक कमी करायचा. हे उलट करण्याची चूक फार होते, कारण डोक्यात ‘अधिक म्हणजे वाढवा’ बसलेलं असतं. धन प्रभार आला तोच इलेक्ट्रॉन गेल्यामुळे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

ही बेरीज वहीच्या कोपऱ्यात लिहून तिच्याभोवती गोल करा. शेवटी काढलेल्या आकृतीतले ठिपके आणि रेघा मोजल्यावर (एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन) नेमका हाच आकडा यायला हवा. एकही जास्त नको, एकही कमी नको.

मध्ये कोण बसणार?

हायड्रोजन आणि फ्लोरीन मध्ये बसत नाहीत, कारण ते एकच बंध करतात. उरलेल्यांत ज्याची विद्युतऋणता कमी तो बहुधा मध्ये येतो. सूत्रात तो बरेचदा आधी लिहिलेला असतो, म्हणून मुलं ‘पहिलं अक्षर मध्ये’ असा नियम करून टाकतात. हा नियम Cl₂O ला फसतो. तिथे ऑक्सिजन शेवटी लिहिलाय, पण मध्ये तोच आहे, दोन्ही बाजूंना एकेक क्लोरीन. एकाच जातीचे दोन-तीन अणू आणि दुसऱ्या जातीचा एकटा अणू असेल, तर तो एकटा मध्ये ठेवून सुरुवात करावी. हाही अंदाजच आहे. तो कुठे कोसळतो ते पुढे येईलच.

ClF₃ चे ठिपके

आता सावकाश करू. मध्ये Cl लिहा, भोवती तीन F, प्रत्येकाला एक रेघ. तीन रेघांत ६ इलेक्ट्रॉन गेले, २८ पैकी २२ उरले.

आता बाहेरच्यांची पोटं भरायची. प्रत्येक फ्लोरीनला बंधातून २ मिळालेत, अष्टकासाठी अजून ६ हवेत. तीन फ्लोरीनचे १८ ठिपके टाका. २२ मधून १८ गेले, ४ उरले. बाहेर कुणालाच गरज नाही, तेव्हा हे ४ क्लोरीनवर. म्हणजे क्लोरीनवर दोन लोन पेअर.

इथे वर्गात हात वर होतो. “सर, क्लोरीनभोवती १० झाले!” हो, झाले. तीन बंधांचे ६ आणि हे ४. तिसऱ्या आवर्तापासून पुढच्या अणूंना मध्यभागी असताना आठाहून जास्त चालतात. फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, झेनॉन ही नेहमीची मंडळी. दुसऱ्या आवर्तातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनला मात्र अजिबात चालत नाहीत. म्हणूनच PF₅ सिलिंडरमध्ये भरून ठेवता येतो आणि NF₅ नावाचा रेणू कुणाकडे नाही. तुमच्या वहीत नायट्रोजनभोवती १० आले, तर कुठेतरी मोजणी चुकली किंवा मधला अणू चुकीचा निवडला, असं बेलाशक समजा.

BF₃ ला हीच कृती केली तर २४ मधून ६ आणि १८ गेल्यावर शून्य उरतो. बोरॉनवर एकही लोन पेअर नाही, त्याचं पोट सहावरच राहतं आणि त्याचं त्याला चालतं. NF₃ ला २ उरतात, म्हणजे एक लोन पेअर.

आठने भागायची युक्ती

वरची कृती दहा-बारा रेणूंवर केलीत की एक गोष्ट तुमच्याच लक्षात येईल. बाहेरचा प्रत्येक अणू शेवटी आपल्याभोवती ८ इलेक्ट्रॉन घेऊन बसतो, २ बंधातले आणि ६ स्वतःचे. दुहेरी बंध असेल तर ४ आणि ४, पण बेरीज ८ च. मग एकेक करून वाटत बसण्यापेक्षा एकूण बेरजेला सरळ ८ ने भागावं. भागाकार म्हणजे बाहेरचे अणू, आणि बाकी राहील ती मधल्या अणूवर. बाकीला दोनाने भागलं की लोन पेअर.

```
BF3   24 ÷ 8 = 3, बाकी 0  →  लोन पेअर 0
NF3   26 ÷ 8 = 3, बाकी 2  →  लोन पेअर 1
ClF3  28 ÷ 8 = 3, बाकी 4  →  लोन पेअर 2
```

बाहेर हायड्रोजन असेल तर तो ८ घेत नाही, २ घेतो. म्हणून हायड्रोजनमागे २ आधी वजा करा, मग उरलेल्याला ८ ने भागा. NH₃ चे ८, त्यातून ६ गेले, २ उरले, एक लोन पेअर. पाण्याचे ८, ४ गेले, ४ उरले, दोन लोन पेअर.

ही युक्ती चालते ती एकच मधला अणू आणि बाकी सगळे थेट त्याला जोडलेले अशा रेणूंवर. लोह, निकेल, तांबं यांच्या संयुगांवर ती लावायला जाऊ नका. त्यांचे डी इलेक्ट्रॉन या हिशेबात बसत नाहीत.

भागाकार आणि बाहेरच्या अणूंची संख्या जुळली नाही तर तिथेच थांबा. ClF₃ ला कुणी भागाकार २ काढला, तर त्याने फ्लोरीन दोनच मोजलेत. चूक लगेच सापडते, म्हणून मला ही युक्ती ठिपके टाकण्यापेक्षा जास्त आवडते. पण पेपरात ‘ठिपका संरचना काढा’ असं विचारलं असेल तर ठिपके काढावेच लागतात, नुसता भागाकार चालत नाही.

कागदावरून हवेत

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये जोडीने इलेक्ट्रॉन वाटून घेण्याची ही कल्पना मांडली. ठिपक्यांच्या आकृतीला त्यांचंच नाव आहे. पण ती आकृती आकार सांगत नाही. तुम्ही F वर काढा, खाली काढा, डावीकडे काढा, ठिपका संरचना तीच राहते. आकार सांगणारा नियम नंतर आला. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये त्याची सुरुवात केली आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. व्हीएसईपीआर, वर्गातल्या भाषेत ‘व्हेस्पर’. मधल्या अणूभोवतीच्या सगळ्या जोड्या, बंधातल्या असोत की लोन, एकमेकींपासून शक्य तितक्या लांब जातात, एवढंच ते म्हणतं.

म्हणजे बंध आणि लोन पेअर मिळून बेरीज करा. दुहेरी किंवा तिहेरी बंध इथे एकच धरायचा, कारण ते सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला असतात. बेरीज २ आली तर समोरासमोर, ३ आली तर सपाट त्रिकोणाची टोकं, ४ आली तर चतुष्फलकाची टोकं, ५ आली तर कमरेभोवती तीन आणि एक वर, एक खाली. ६ आली तर चार चौकात, एक वर, एक खाली.

BF₃ ची बेरीज ३. सपाट त्रिकोण, कोन १२०°. NF₃ ची ३ अधिक १ म्हणजे ४. जोड्या चतुष्फलकात, पण चौथ्या टोकाला अणू नाही, लोन पेअर आहे. दिसतो तो तिपाईसारखा पिरॅमिड. चतुष्फलकाचा कोन १०९.५° असतो, NF₃ मध्ये तो साधारण १०२° आहे. लोन पेअर एकाच अणूच्या ताब्यात असल्यामुळे ऐसपैस पसरते आणि बंधांना एकमेकांकडे रेटते.

ClF₃ ची बेरीज ३ अधिक २ म्हणजे ५. खरी गंमत इथे आहे, कारण पाच जागा सारख्या नाहीत. आधीच्या सगळ्या मांडण्यांत कुठलीही जागा घेतली तरी फरक पडत नव्हता. इथे कमरेच्या तीन जागा एकमेकींपासून १२०° वर आहेत, आणि वरची-खालची जागा कमरेच्या तिन्हींना ९०° वर. मग दोन लोन पेअर बसवायच्या कुठे?

कणकेचा एक गोळा घ्या. कमरेत तीन टूथपिक, एक वर, एक खाली. दोन टूथपिकांना लाल धागा गुंडाळा, त्या लोन पेअर. धागा वेगवेगळ्या टूथपिकांवर हलवून पाहिलात तर तीनच वेगळ्या मांडण्या सापडतील.

पहिली, दोन्ही लाल वर-खाली. मग तिन्ही फ्लोरीन कमरेत, म्हणजे त्या मुलीचा समतल त्रिकोण. वरची लाल कमरेतल्या तीन बंधांना ९०° वर, खालचीही तीन बंधांना. एकूण सहा ठिकाणी लोन पेअर आणि बंध खेटून.

दुसरी, एक लाल वर आणि एक कमरेत. इथे दोन लोन पेअरच एकमेकींना ९०° वर येतात. सगळ्यात जास्त पसरणाऱ्या दोघी इतक्या जवळ, ही मांडणी तिथेच बाद.

तिसरी, दोन्ही लाल कमरेत. त्यांच्या आपसात १२०°. प्रत्येकीला ९०° वर फक्त वरचा आणि खालचा बंध, म्हणजे एकूण चारच ठिकाणी खेटाखेटी. सहापेक्षा चार बरे. हीच मांडणी खरी.

आता लाल टूथपिक काढून टाका. काय उरलं? एक फ्लोरीन वर, एक खाली, एक कमरेत बाजूला.

```
       F
    :  |
       Cl — F
    :  |
       F
```

आडवा पडलेला T. मोजलेला कोन ९०° नाही, ८७.५° आहे. वरचा आणि खालचा फ्लोरीन लोन पेअरपासून लांब, बाजूच्या फ्लोरीनकडे थोडे झुकलेत. म्हणजे T चे हात जरा वाकलेले. बंधांच्या लांबीतही फरक आहे: कमरेतला बंध सुमारे १६० पिकोमीटर, वर-खालचे दोन सुमारे १७०. समतल त्रिकोण असता तर तिन्ही सारखेच निघाले असते.

आणखी एक पडताळा आहे. BF₃ सममित असल्याने त्याचं द्विध्रुव आघूर्ण शून्य असतं. ClF₃ चं शून्य नाही. प्रश्नात कुठे ‘ध्रुवीय’ असा शब्द आला असेल तर आकृतीशिवायही तेवढ्यावरून त्रिकोण खोडता येतो.

उत्तर लिहिताना जोड्यांची मांडणी आणि रेणूचा आकार यांची सरमिसळ होते. ClF₃ मध्ये पाच जोड्यांची मांडणी त्रिकोणी द्विपिरॅमिड, पण आकार T. आकाराचं नाव फक्त अणू पाहून द्यायचं. बघणाऱ्याला लोन पेअर दिसत नाही असं समजायचं.

एकेक इलेक्ट्रॉन वाढवला तर

प्रभाराचं महत्त्व एका उदाहरणात दाखवतो. NO₂⁺, NO₂ आणि NO₂⁻. तिघांतही एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. इलेक्ट्रॉन १६, १७ आणि १८. आठने भागा: बाकी ०, १, २.

बाकी ० म्हणजे लोन पेअर नाही, रेणू सरळ, कोन १८०°. बाकी २ म्हणजे पूर्ण लोन पेअर, रेणू वाकलेला, कोन साधारण ११५°. आणि मधल्या NO₂ मध्ये नायट्रोजनवर एकच इलेक्ट्रॉन, अर्धीच जोडी. एकटा इलेक्ट्रॉन जोडीइतका रेटत नाही, म्हणून कोन मध्येच, १३४° च्या आसपास. प्रभाराचं ते छोटं चिन्ह झेरॉक्समध्ये पुसट झालं असेल तर तीन वेगळी उत्तरं संभवतात. तेव्हा चिन्ह नीट बघा.

अणूंचा क्रमच ठाऊक नसेल तर

N₂O घ्या. एकटा मध्ये, या आपल्या अंदाजाने ऑक्सिजन मध्ये येतो: N–O–N. विद्युतऋणतेच्या अंदाजाने नायट्रोजन मध्ये येतो: N–N–O. एकूण इलेक्ट्रॉन १६, बाकी शून्य, दोन्हीकडे रेणू सरळच. आठची युक्ती इथे मुकी होते.

अशा वेळी फॉर्मल चार्ज काढायचा. अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, वजा त्याच्यावरचे ठिपके, वजा त्याच्या बंधांची संख्या. N=O=N मध्ये प्रत्येक नायट्रोजनवर ४ ठिपके, २ बंध: ५ − ४ − २ = −१. ऑक्सिजनवर ठिपके नाहीत, ४ बंध: ६ − ४ = +२. ऑक्सिजनसारख्या ओढखोर अणूच्या डोक्यावर +२ ही गोष्टच पटत नाही.

N≡N–O मध्ये कडेचा नायट्रोजन ५ − २ − ३ = ०, मधला ५ − ४ = +१, ऑक्सिजन ६ − ६ − १ = −१. आकडे लहान आणि ऋण प्रभार ऑक्सिजनवर, जिथे तो शोभतो. खरा रेणू N–N–O असाच आहे.

सूत्र जिथे पुरत नाही

C₂H₆O वर कितीही हिशेब करा, एक उत्तर येणार नाही. २० इलेक्ट्रॉन नीट वाटून दोन वेगळ्या, दोन्ही निर्दोष ठिपका संरचना निघतात. एकीत ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन घेऊन बसतो, ते इथेनॉल, ७८° सेल्सिअसला उकळतं. दुसरीत तो दोन कार्बनच्या मध्ये, तो डायमिथाइल ईथर, उणे २४° ला उकळतो. नुसतं सूत्र उरलं असेल तर उत्तरपत्रिकेत दोन्ही काढा. CH₃CH₂OH असं लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता, कारण त्या लिहिण्यातच कोण कुणाला जोडलाय ते येतं.

PCl₅ चा पेच वेगळा आहे. ५ अधिक ३५ म्हणजे ४०, आठने भागून ५, बाकी शून्य. कमरेत तीन क्लोरीन, वर-खाली एकेक. वाफेत तो खरंच तसा असतो. पण घन अवस्थेत तो स्वतःलाच फोडून PCl₄⁺ आणि PCl₆⁻ असे दोन आयन करून बसतो. त्यांची बेरीज ३२ आणि ४८, बाकी दोन्हीकडे शून्य. एक चतुष्फलक, दुसरा अष्टफलक. हिशेब दोन्हीकडे बरोबरच येतो. फक्त बाटलीवर PCl₅ लिहिलेल्या त्या पिवळट-पांढऱ्या पुडीत PCl₅ नावाचा रेणूच नसतो.